इंग्रजी धर्माभ्यासाच्या शोधनिबंधाचा मराठी सारांश : संज्ञेला नेमका प्रतिशब्द नसतो तेव्हा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुढील उत्तरांमध्ये एकच उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे. पंढरीच्या वारीची चर्चा मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांच्या संज्ञांमधून करणारा एक इंग्रजी शोधनिबंध आपल्यापुढे आहे आणि त्याचा सुमारे पाचशे शब्दांचा मराठी सारांश करायचा आहे, असे समजू. हे उदाहरण घेण्याला कारण आहे. इरावती कर्वे यांनी वारीत चालून जे पाहिले ते प्रथम मराठीत लिहिले; १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये त्या लेखाचे इंग्रजी भाषांतर आले; आणि टर्नर यांनी तीर्थयात्रांवरील आपल्या विवेचनात वारीचा दाखला घेतला. म्हणजे निरीक्षण आपल्या भाषेतले, संज्ञा मात्र परक्या, आणि आता दोन्ही एकत्र मराठीत आणायचे आहे. वाचकाला वारी ठाऊक असल्यामुळे सारांशातील चूक त्याला सहज खरी वाटते, म्हणून या कामात विशेष काळजी लागते.

काम शब्दकोशापासून सुरू करावे का?

नाही. आधी संपूर्ण निबंध वाचावा आणि लेखकाने प्रत्येक संज्ञेची व्याख्या जिथे केली आहे ती ओळ पृष्ठक्रमांकासह वहीत उतरवून घ्यावी. व्याख्या दिली नसेल, तर संज्ञा ज्या दोन-तीन वाक्यांत निर्णायक ठरते ती वाक्ये उतरवावीत. शब्दकोश एखाद्या शब्दाचे सर्व संभाव्य अर्थ देतो, पण या निबंधात त्यांपैकी कोणता अर्थ चालू आहे आणि तो कशाच्या विरोधात उभा केला आहे हे त्याला सांगता येत नाही. धर्माभ्यासातील बहुतेक संज्ञा जोडीने वावरतात. टर्नर यांच्या लेखनात ‘कम्युनिटास’, म्हणजे माणसामाणसांतील थेट नात्याची रीत, ही ‘स्ट्रक्चर’च्या, म्हणजे पद आणि जात यांनी बांधलेल्या समाजरचनेच्या, समोर उभी असते. एकीसाठी निवडलेला मराठी शब्द दुसरीसाठी निवडलेल्या शब्दासमोर उभा राहू शकत नसेल, तर तो स्वतंत्रपणे कितीही सुंदर असला तरी निरुपयोगी आहे.

निबंधात वीस-पंचवीस पारिभाषिक शब्द आहेत. त्या सर्वांचे स्पष्टीकरण द्यावे का?

पाचशे शब्दांत ते शक्य नाही आणि आवश्यकही नाही. प्रत्येक संज्ञेला एकच प्रश्न विचारावा : ही काढून टाकली तर लेखकाचा निष्कर्ष सांगता येईल का? आपल्या उदाहरणात असे करून पाहिले की तीनच संज्ञा उरतात : लिमिनॅलिटी म्हणजे दोन स्थितींमधली अवस्था, कम्युनिटास आणि कम्युनिटासचा नियमबद्ध प्रकार. बाकीच्या संज्ञा साध्या मराठीत वर्णनाने सांगता येतात किंवा सारांशातून गळल्या तरी चालतात. माझ्या मते पाचशे शब्दांच्या सारांशात तीनपेक्षा अधिक अपरिचित संज्ञा आल्या की वाचक अर्थ सोडून शब्दच लक्षात ठेवू लागतो.

‘कम्युनिटास’साठी समता, बंधुभाव किंवा समुदाय हे शब्द का चालत नाहीत?

या प्रश्नावर सर्वाधिक वेळ द्यावा लागतो, कारण निबंधाचा युक्तिवाद इथेच तरतो किंवा बुडतो.

प्रथम ‘समुदाय’. टर्नर यांनी इंग्रजीतील रूढ ‘कम्युनिटी’ हा शब्द हाताशी असताना तो जाणीवपूर्वक टाळला आणि लॅटिन शब्द घेतला. एकत्र राहणाऱ्या लोकांचा गट त्यांना सांगायचा नव्हता. माणसामाणसांतील नात्याची एक रीत सांगायची होती, ज्यात पद, जात, मालमत्ता यांची ओळख काही काळ मागे पडते आणि माणूस माणसाला थेट भेटतो. जो शब्द मूळ लेखकाने स्वतःच्या भाषेत नाकारला, त्याचाच मराठी पर्याय आपण वापरला तर लेखकाचा निर्णय आपण उलटवतो.

‘समता’ अधिक मोहात पाडते, पण तिचा धोकाही अधिक आहे. मराठीत समता हे मूल्य आहे. जोतीराव फुले यांच्यापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यापर्यंतच्या परंपरेने या शब्दाला हक्काचा, न्यायाचा आणि टिकाऊ सामाजिक व्यवस्थेचा अर्थ दिला आहे. कम्युनिटास हा हक्क नाही आणि ती व्यवस्थाही नाही. ती काही काळ अनुभवास येते, आणि तिच्यातून परतलेला माणूस बहुधा आपल्या जुन्याच स्थानावर परततो. ‘वारीत समता असते’ असे सारांशात लिहिले की वाचक विचारणार : मग कर्वे यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांची जेवणे वेगळी का होत होती? हा प्रश्न योग्यच आहे, परंतु तो निबंधलेखकाला लागू पडत नाही, कारण समता आहे असा दावा त्याने केलेलाच नव्हता. तो विरोधाभास केवळ आपल्या शब्दाने निर्माण केलेला असतो.

‘बंधुभाव’ त्या मानाने जवळचा आहे, पण तो मनातील भावनेवर थांबतो, आणि दिंडीत चालणाऱ्या स्त्रियांची संख्या पाहता या शब्दातील ‘बंधु’ खटकतो. म्हणून माझा निर्णय असा आहे की कम्युनिटास हा शब्द देवनागरीत तसाच ठेवावा, पहिल्या उल्लेखाला त्याचा अर्थ एका पूर्ण वाक्यात सांगावा आणि नंतर तो न बदलता वापरावा. एका ठिकाणी कम्युनिटास, दुसऱ्या ठिकाणी ऐक्यभाव आणि तिसऱ्या ठिकाणी समभाव असे केल्यास भाषेत विविधता येते, पण त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत असा वाचकाचा समज होतो.

‘लिमिनॅलिटी’साठी ‘सीमांतता’ घ्यावी का?

घेऊ नये, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात ‘सीमांत शेतकरी’ हा शब्दप्रयोग शासकीय कागदांतून सर्वत्र पोहोचला आहे आणि तिथे सीमांत म्हणजे अत्यल्प जमीन असलेला, व्यवस्थेच्या कडेला पडलेला माणूस. लिमिनल माणूस मात्र कडेला पडलेला नसतो. तो एका स्थितीतून निघालेला आणि दुसऱ्या स्थितीत अजून न पोहोचलेला असतो. टर्नर यांनी स्वतः या गोष्टी वेगळ्या केल्या आहेत : लिमिनॅलिटी, समाजाबाहेरचे असणे आणि समाजरचनेत खालच्या पायरीवर असणे. ‘सीमांतता’ या शब्दात या तिन्हींची सरमिसळ होते.

या संज्ञेमागे लॅटिनमधील उंबरठा या अर्थाचा शब्द आहे. आर्नल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ साली अवस्थांतराच्या विधींचे तीन टप्पे मांडले : आधीच्या जीवनापासून विलग होणे, मधला काळ, आणि पुन्हा समाजात सामावणे. टर्नर यांनी आजच्या झांबियातील एन्डेंबू लोकांच्या विधींचा अभ्यास करताना यातील मधल्या टप्प्यावर लक्ष केंद्रित केले. म्हणून ‘उंबरठ्यावरची अवस्था’ हा शब्दप्रयोग मूळ कल्पनेच्या अगदी जवळ जातो आणि मराठी वाचकाला उलगडून सांगावा लागत नाही. मात्र मराठीत ‘उंबरठ्यावर असणे’ म्हणजे एखादी गोष्ट लवकरच घडणार असणे असाही अर्थ रूढ आहे, उदाहरणार्थ निवडणुकीच्या उंबरठ्यावर. त्यामुळे पहिल्या उल्लेखात ‘मधली’ हा शब्द जोडावा : ‘उंबरठ्यावरची मधली अवस्था’. इथे लिमिनॅलिटी हा शब्द ठेवण्याची गरज नाही. म्हणजेच एकाच निबंधातील एक संज्ञा परकी ठेवावी लागते आणि दुसरीला मराठी रूप मिळते. सर्व संज्ञांना एकच नियम लावण्याचा हट्ट धरू नये.

विधी, पंथ, यात्रा अशा ओळखीच्या शब्दांबाबत काही काळजी घ्यावी लागते का?

हे शब्द ओळखीचे असतात म्हणूनच चुका त्यांच्यापाशी होतात. इंग्रजीतील ‘रिच्युअल’साठी मराठीत विधी, कर्मकांड आणि संस्कार हे तीन शब्द सहज सुचतात. त्यांपैकी ‘कर्मकांड’ आज बहुतेक वेळा निंदेच्या सुरात वापरले जाते, आणि ‘संस्कार’ म्हटले की गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतची परंपरागत मालिका डोळ्यांपुढे येते. तटस्थ विवेचनात ‘विधी’ हाच शब्द सुरक्षित आहे.

‘कल्ट’ हा शब्द त्याहून फसवा आहे. फादर गी दलरी यांचा विठोबाविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली पुण्यात प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकातच हा शब्द आहे. तिथे त्याचा अर्थ उपासना किंवा उपासनेची परंपरा एवढाच आहे. वृत्तपत्रांतील इंग्रजीत हाच शब्द एखाद्या बंदिस्त, संशयास्पद गटासाठी वापरला जातो. हा दुसरा अर्थ मनात ठेवून सारांश लिहिला, तर लेखकाने वारकऱ्यांची निंदा केली आहे असा विनाकारण ग्रह होईल.

‘पिल्ग्रिमेज’चे भाषांतर करताना उलट प्रकारचा धोका आहे. वारीविषयीच्या परिच्छेदात ‘वारी’ लिहावे. पण लेखक फ्रान्समधील लूर्द किंवा मक्केबद्दल सर्वसाधारण विधान करत असेल तिथे ‘तीर्थयात्रा’ लिहावे, कारण वारीच्या अर्थात पुन्हा पुन्हा, ठरलेल्या तिथीला जाण्याचे व्रत आहे. हजला जाणाऱ्या बहुतेकांसाठी ती आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट असते.

वारकऱ्यांचे स्वतःचे शब्द वापरून संज्ञा सोप्या करता येतील का? उदाहरणार्थ, कम्युनिटासला ‘अभेद’ म्हणता येईल का?

हा विचार मनाला भावतो, आणि विषयावर प्रेम असलेल्या सारांशकाराला तो हमखास सुचतो. वारीत लहानथोर एकमेकांना माउली म्हणतात आणि परस्परांच्या पाया पडतात. हे वर्णन टर्नर यांच्या कल्पनेला इतके जुळते की दोहोंना एकच नाव द्यावेसे वाटते. तरीही तसे करू नये. ‘अभेद’ हा संतांच्या अनुभवाचा आणि तत्त्वज्ञानाचा शब्द आहे. तो परमार्थाविषयी काही सांगतो. कम्युनिटास ही बाहेरून पाहणाऱ्या अभ्यासकाची, जगातील अनेक समाजांची तुलना करण्यासाठी घडवलेली संज्ञा आहे. कम्युनिटासच्या जागी ‘अभेद’ घातला की अभ्यासकाचे अनुमान संतांच्या मुखी जाते, आणि संतांचे वचन समाजशास्त्रीय निष्कर्षासारखे वाचले जाते. दोन्ही बाजूंवर अन्याय होतो.

वारकऱ्यांचे शब्द अवश्य वापरावेत, पण ते कोणाचे आहेत हे वाक्यात दिसले पाहिजे. ‘वारकरी एकमेकांना माउली म्हणतात, लेखक या आचाराकडे कम्युनिटासचा दाखला म्हणून पाहतो’ अशा वाक्यात दोन्ही आवाज वेगळे राहतात आणि त्यांच्यातील नातेही कळते.

एखादा परिच्छेद प्रत्यक्ष करून दाखवता येईल का?

निबंधातील एका परिच्छेदाचा आशय असा आहे असे समजू : तीर्थयात्रेत लोक आपल्या नेहमीच्या जीवनातून बाहेर पडतात, त्यांच्यात निर्माण होणारी कम्युनिटास उत्स्फूर्त न राहता नियमांत बसवलेली असते, त्यामुळे जातिव्यवस्था नाहीशी होत नाही, तिची तीव्रता कमी होते, आणि वेगळ्या पंगतींविषयीचे कर्वे यांचे निरीक्षण याच मर्यादेवर बोट ठेवते.

घाईने केलेला सारांश बहुधा असा येतो :

‘वारीमध्ये सीमांत समुदाय निर्माण होतो आणि तो संरचनेला विरोध करतो. आदर्शात्मक समुदाय हे तीर्थयात्रेचे वैशिष्ट्य आहे. तथापि कर्वे यांच्या मते वारीत जातिभेद पाळला जातो.’

या तीन वाक्यांत शब्दाला शब्द आहे आणि युक्तिवाद मात्र नाही. ‘सीमांत समुदाय’ वाचून वंचितांचा गट डोळ्यांपुढे येतो. ‘विरोध करतो’ या शब्दांनी वारीला चळवळीचे रूप येते. टर्नर यांनी मात्र आपल्या ‘अँटी-स्ट्रक्चर’ या संज्ञेतील विरोधवाचक उपसर्ग सर्वंकष नकाराच्या अर्थाने नाही, असे स्पष्ट केले आहे. ‘आदर्शात्मक’ म्हणजे अनुकरणीय असा समज होतो, तर मूळ अर्थ नियमांच्या आधाराने टिकवलेली असा आहे. आणि शेवटच्या वाक्यातील ‘तथापि’ सर्वांत घातक आहे, कारण त्यामुळे कर्वे लेखकाचे खंडन करतात असे दिसते, तर लेखकाने त्यांचे निरीक्षण आपल्या मांडणीच्या आधारासाठी घेतले आहे.

तोच परिच्छेद पुन्हा लिहू :

‘तीर्थयात्री घर आणि व्यवहार सोडून निघतो, पण गंतव्यस्थानी पोहोचलेला नसतो, या उंबरठ्यावरच्या मधल्या अवस्थेत त्याचे सहप्रवाशांशी असलेले नाते बदलते. पद आणि जात यांच्या ओळखी मागे पडून माणसे एकमेकांना थेट भेटतात अशा नात्याला टर्नर कम्युनिटास म्हणतात. वारीतील कम्युनिटास मात्र उत्स्फूर्त नाही. दिंडीची शिस्त, ठरलेला मार्ग आणि मुक्काम यांच्या आधाराने ती वर्षानुवर्षे टिकवली गेली आहे, म्हणून लेखक तिला नियमबद्ध म्हणतो. अशी कम्युनिटास जातिव्यवस्थेची तीव्रता कमी करते, पण तिला नाहीशी करत नाही. एकाच दिंडीत भजन एकत्र आणि जेवण वेगळे, हे इरावती कर्वे यांचे निरीक्षण लेखक याच संदर्भात उद्धृत करतो.’

हा मजकूर पहिल्याच्या तिपटीहून अधिक लांब आहे. नेमका प्रतिशब्द नसतो तेव्हा त्याची किंमत शब्दसंख्येत मोजावी लागते.

मग पाचशे शब्दांची मर्यादा कशी पाळायची?

स्पष्टीकरणाची जागा पूर्वसंशोधनाच्या आढाव्यातून काढावी. इंग्रजी शोधनिबंधाचा मोठा भाग आधीच्या अभ्यासकांशी चाललेल्या संवादात जातो. सारांशात त्यांपैकी ज्याच्याविना निष्कर्ष समजत नाही तेवढाच ठेवावा. आपल्या उदाहरणात टर्नर यांच्यावरील टीका मात्र वगळता येणार नाही. जॉन ईड आणि मायकेल सालनाउ यांच्या १९९१ च्या संपादित ग्रंथाने तीर्थयात्रा ही ऐक्याची नव्हे, तर परस्परविरोधी अर्थांची आणि दाव्यांची जागा आहे अशी मांडणी केली, आणि त्यानंतरच्या निबंधांना त्या प्रश्नाला टाळून पुढे जाणे अवघड झाले. या टीकेसाठी दोन वाक्ये राखून ठेवावीत.

शासनाचे परिभाषा कोश कधी पाहावेत?

स्वतःची नोंद तयार झाल्यावर, आणि अवश्य पाहावेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संगणकावर शोधता येतात. रचना, विधी, कार्य अशा व्यापक शब्दांसाठी ते फार उपयोगी पडतात आणि दहा लेखकांचे दहा पर्याय होण्याचे टळते. मराठी विश्वकोश आणि भारतीय संस्कृतिकोश यांतील नोंदी वाचल्या तर एखादी संकल्पना मराठीत पूर्ण वाक्यात कशी सांगितली जाते हे कळते. एका सुट्या शब्दापेक्षा त्याचा लाभ मोठा असतो. परंतु एका विशिष्ट अभ्यासकाने घडवलेली संज्ञा या कोशांत सापडली, तरी तिथला पर्याय आपल्या वहीतील व्याख्येशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

परका शब्द ठेवल्यावर त्याचे लिंग आणि विभक्ती कशी ठरवावी?

एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावी. कम्युनिटास ही अवस्था किंवा रीत असल्यामुळे तिला स्त्रीलिंगी मानणे सोयीचे जाते : ‘ती कम्युनिटास’, ‘नियमबद्ध कम्युनिटास’, ‘कम्युनिटासचे तीन प्रकार’. अनेकवचन शक्यतो टाळावे. शब्द तिरपा किंवा अवतरणात केवळ पहिल्या वेळी द्यावा. प्रत्येक वेळी अवतरणचिन्हे दिली तर सारांशकाराला संज्ञेबद्दल शंका आहे असे वाटू लागते.

सारांश बिघडला आहे हे कसे ओळखावे?

दोन चाचण्या माझ्या अनुभवात विश्वासार्ह ठरल्या आहेत. पहिली अशी की मूळ निबंध न वाचलेल्या व्यक्तीला सारांश द्यावा आणि तिला संज्ञेची व्याख्या न विचारता तिच्या आधारे एखाद्या नव्या प्रसंगाविषयी निर्णय करायला सांगावे. उदाहरणार्थ, ‘गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत कम्युनिटास असेल का?’ असे विचारावे. ‘सगळे आनंदात असतात, म्हणजे आहे’ असे उत्तर आले तर आपल्या स्पष्टीकरणातून केवळ भावना पोहोचली आहे. ‘तिथे लोक आपापल्या मंडळाची ओळख अधिकच ठळक करतात, त्यामुळे सांगता येत नाही’ असे उत्तर आले तर संज्ञा पोहोचली आहे.

दुसरी चाचणी स्वतःच करायची असते. सारांशातील वाक्ये जोडणारे सर्व शब्द, म्हणजे ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘तथापि’, ‘त्यामुळे’, अधोरेखित करावेत आणि प्रत्येकासाठी मूळ निबंधात आधार आहे का ते पाहावे. चुकीच्या प्रतिशब्दामुळे दोन वाक्यांत तणाव निर्माण झाला की आपला हात नकळत ‘तथापि’ लिहून तो मिटवतो. निराधार ‘तथापि’ सापडले की त्याच्या अलीकडची संज्ञा तपासावी. दोष बहुधा तिथेच असतो.

संपादकांनी ‘कम्युनिटास’ काढून ‘समभाव’ घातले तर काय करावे?

वाचकाला परका शब्द अडेल ही संपादकांची चिंता रास्त असते, म्हणून केवळ आग्रह धरून उपयोग नाही. त्यांना वहीतील नोंद दाखवावी : मूळ व्याख्या, विचारात घेतलेले पर्याय आणि प्रत्येक पर्याय कोणत्या वाक्यात मोडतो ते. ‘समभाव’ हा ‘सर्वधर्मसमभाव’ या प्रयोगातून वाचकाच्या मनात दोन धर्मांमधील आदराशी जोडलेला आहे, आणि आपल्या निबंधात एकाच परंपरेतील जातींचा प्रश्न आहे, हे एक कारणही पुष्कळदा पुरेसे होते. तरीही मराठी शब्दच हवा असेल, तर सुट्या शब्दाऐवजी ‘थेट माणुसकीचे नाते’ असा वर्णनात्मक प्रयोग सुचवावा आणि तो सर्व ठिकाणी सारखाच ठेवण्याची विनंती करावी. त्यात टर्नर यांच्या संज्ञेची धार कमी होते, पण चुकीचा अर्थ आत येत नाही. मात्र अशा वेळी पहिल्या उल्लेखात ‘टर्नर ज्याला कम्युनिटास म्हणतात ते’ एवढे शब्द राहू द्यावेत, म्हणजे ज्याला मूळ निबंधापर्यंत जायचे आहे त्याला शोधण्यासाठी नाव मिळेल.